जिन्याची भिंत आणि जिन्याखालची जागा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गुहागरजवळच्या आमच्या घराचा जिना नैर्ऋत्येकडच्या भिंतीला लागून वर जातो. भिंत चिऱ्याची, दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा केलेली, आणि पावसाची झड थेट तिच्यावरच येते. गेल्या मार्चमध्ये या भिंतीवर तसबिरी लावल्या आणि जिन्याखाली, जिथे मोडक्या खुर्च्या, करवंट्या आणि रंगाचे रिकामे डबे वर्षानुवर्षे पडून असत, तिथे सुताराकडून कपाट करून घेतले. काम झाल्यावर आठवड्याभरातच आलेल्या-गेलेल्यांना मी त्याचे कौतुक सांगत होते. आज डिसेंबरात, एक अख्खा पावसाळा मध्ये गेल्यावर, त्यातले निम्मेच कौतुक शिल्लक आहे.

आधी भिंतीविषयी. मला अकरा तसबिरी चढत्या ओळीत हव्या होत्या. अशा वेळी उंची जमिनीपासून नव्हे, तर प्रत्येक पायरीच्या पुढच्या कडेपासून मोजावी लागते. आम्ही दर दुसऱ्या पायरीच्या कडेवरून सरळ वर 58 इंचांवर पेन्सिलीची खूण केली आणि खुणांमधून दोरी ताणली. तिची तिरकस रेघ जिन्याच्या चढाला समांतर आली. तसबिरी लहान-मोठ्या असल्या तरी त्यांचे मध्य या रेघेच्या आसपास ठेवले. भोके पाडण्याआधी प्रत्येक तसबिरीच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून भिंतीवर चिकटवला आणि दोन दिवस तसाच ठेवला. त्यामुळे खालच्या वळणावरची मोठी तसबीर तांदळाचे पोते वर नेणाऱ्याच्या खांद्याला लागणार, हे वेळेत लक्षात आले. आमचा जिना तीन फूट रुंद आहे. अशा जिन्यात इंचभरापेक्षा जाड चौकट लावू नये आणि काचेऐवजी ॲक्रिलिकचा पत्रा वापरावा, असे मी सांगेन. पायऱ्यांवर काच फुटली, तर अनवाणी माणसाला पळायलाही जागा नसते.

चूक झाली ती ओलीच्या बाबतीत. भिंत कोरडी आहे का, हे पाहण्यासाठी मी दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी पट्टीने घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवला होता. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब आले, तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला आले, तर ती हवेतली दमट वाफ असते. परीक्षा योग्य होती, पण मी ती जानेवारीत केली. जानेवारीत आमच्याकडची कोणतीही भिंत कोरडीच निघते. भिंतीला पुट्टी आणि वर प्लास्टिक पेंट लावून घेतला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सहाव्या पायरीच्या वर रंगाला फुगे आले आणि पुढे पोपडे सुटले. मग तीच परीक्षा पुन्हा केली, तेव्हा थेंब भिंतीकडच्या बाजूला होते.

जमिनीतून चढणारी ओल साधारणपणे तळापासून वर येते आणि वरच्या सीमेवर क्षारांची पांढरी रेघ सोडते. आमचा डाग मात्र अधांतरी, भिंतीच्या मध्यावर होता आणि मोठी सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशी पसरत असे. म्हणजे पाणी बाहेरून येत होते. गवंड्याने बाहेर शिडी लावून पाहिले, तर खिडकीच्या कोपऱ्यातून गिलाव्याला तिरपी भेग गेलेली होती. पावसात ती नीट भरता येईना, म्हणून ऑक्टोबरपर्यंत थांबलो. भेग रुंद करून भरली, आतली पुट्टी खरवडून काढली, महिनाभर भिंत सुकू दिली आणि त्या पट्ट्यावर पुट्टी न लावता नुसता चुना काढला. चुन्यातून ओल बाहेर पडू शकते. प्लास्टिक पेंटखाली ती कोंडते आणि रंगालाच उचलते. दोन रंगांतला फरक दिसतो, हे मान्य आहे.

तसबिरींपैकी आठ शाबूत राहिल्या, कारण त्यांच्या मागे चारी कोपऱ्यांना रबराच्या अर्धा इंच जाड गोट्या लावून हवा खेळायला फट ठेवली होती. तीन मी घाईत तशाच टेकवल्या होत्या. त्यांच्या पाठीवर हिरवट बुरशी आली. त्यांतच आजोबांचा 1962 सालचा फोटो होता. फोटो आणि ॲक्रिलिक यांच्यामध्ये जाड कार्डाची चौकट नसल्यामुळे त्यांच्या टोपीचा भाग पत्र्याला चिकटला आणि सोडवताना तेवढा पापुद्रा निघून आला. त्यांचा चेहरा वाचला, हेच नशीब.

आता जिन्याखालची जागा. आमच्या पहिल्या टप्प्याला सात इंच उंचीच्या दहा पायऱ्या आहेत आणि खाली साडेसात फूट लांबीची त्रिकोणी पोकळी मिळते. उंच टोकाला स्लॅबची जाडी वजा जाता पावणेपाच फूट उंची उरते आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही. पहिल्या दोन फुटांत हातभरही उंची मिळत नाही, म्हणून तिथे कपाट करण्याचा सुताराचा आग्रह मी मोडला आणि ती जागा उघडी ठेवली. चपला तिथेच राहतात. पुढच्या दोन फुटांत ओढून काढायचे खण आणि उरलेल्या साडेतीन फुटांत दोन दारांचे कपाट आहे.

कपाट तीन फूट खोल करण्याचा मोह होतो, कारण जिन्याची रुंदी तेवढी असते. आम्ही खण 22 इंचांचेच केले आणि मागे फूटभर पोकळी सोडली, पाठीला प्लाय लावलाच नाही. खोल कपाटात मागे गेलेला डबा माणूस विसरतो, आणि मागची भिंत हवेशिवाय राहते. लाकूड IS 710 छापाचे मरीन प्लाय आहे, सगळ्या कापलेल्या कडा पट्टी लावून बंद केल्या आहेत आणि खाली चार इंचांचा ग्रॅनाइटचा ओटा आहे, त्यामुळे प्लाय जमिनीला कुठेच टेकत नाही. फरशी पुसताना पाणी लागत नाही आणि वाळवीची मातीची नळी चढू लागली, तर ती दगडावर उघडी दिसते. ऑगस्टमध्ये अशी एक दिसली आणि वेळीच खरवडून औषध मारता आले. खणांत कुळीथ, आमसुले आणि आंबापोळीचे डबे आहेत. एकालाही कुबट वास लागला नाही.

बिजागऱ्या मात्र सपशेल फसल्या. दुकानदाराने गंजणार नाहीत म्हणून दिलेल्या बिजागऱ्यांना सप्टेंबरपर्यंत तांबूस पावडर सुटली. सर्वांत वाईट दोन, इन्व्हर्टरच्या दाराच्या होत्या, आणि त्याचे कारण निव्वळ खारी हवा नव्हे. आमच्याकडे वीज वरचेवर जाते, म्हणून इन्व्हर्टर आणि पाण्याची बॅटरी उंच कप्प्यात ठेवली होती, दार गच्च बंद. अशी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते, सोबत आम्लाचे सूक्ष्म तुषारही उडतात. हायड्रोजन हलका असल्याने कप्प्याच्या सर्वांत उंच कोपऱ्यात साचतो आणि तिथे ठिणगी उडाली, तर स्फोट होऊ शकतो. वायरमनने दार उघडताच नाक मुरडले आणि म्हणाला, “वहिनी, हे असं कोंडून ठेवू नका, आजच जाळी पाडून घ्या.” दाराच्या वरच्या आणि खालच्या भागात सहा-सहा इंचांच्या जाळ्या पाडल्या, वरची अगदी छताला भिडवून, कारण तिच्यावर चार इंच जरी सोडले, तरी वायू तिथे अडकतो. गॅसचा भरलेला जादा सिलिंडर मी याच जागेत ठेवणार होते. तो विचार वायरमननेच मोडून काढला; त्यातला वायू हवेपेक्षा जड असतो आणि बंद कपाटात तळाशी साचतो.

एकूण खर्च 64,000 रुपये झाला, त्यात नंतरच्या दुरुस्तीचे 9,000 आले. नव्या बिजागऱ्या 304 स्टीलच्या मागवल्या आहेत. चुन्याच्या पट्ट्यावर तूर्त एकही तसबीर नाही. येत्या जुलैत तिथे पुन्हा प्लास्टिकचा कागद चिकटवून पाहीन. थेंब आले नाहीत, तरच आजोबा आपल्या जागी परत जातील.