आधी-मग बोर्ड की पूर्ण चित्रपट्टी?

ऑटिझम असलेल्या मुलासाठी अर्ध्या तासाचा धडा बसवताना, आता काय आणि पुढे काय हे त्याला चित्रांनी कसं दाखवायचं, हा प्रश्न येतोच. समजा सहा वर्षांचा मुलगा आहे आणि क्रम असा: मणी मोजणे, अंक जुळवणे, उड्या, गोष्ट, शेवटी त्याचा आवडता भोवरा.

आधी-मग बोर्डवर दोनच चित्रं, जसं आधी अंक, मग उड्या. चित्रांची सवयच नसलेल्या मुलाला हे पटकन कळतं, पण दर वेळी नवी जोडी लावावी लागते आणि एकूण किती उरलंय हे त्याला दिसतच नाही, म्हणून प्रत्येक बदलाला तो अडून बसू शकतो.

पट्टीवर पाचही कार्डं वरून खाली असतात, एक झालं की तो स्वतः काढून ‘झालं’च्या खिशात टाकतो, आणि पुढचं कार्ड हातात घेऊन त्या जागेवर नेतो जिथे तसंच चित्र चिकटवलेलं असतं, मग ‘चल, चल’ म्हणत मागे लागावं लागत नाही. मात्र तो सारखा भोवऱ्याचंच कार्ड ओढत असेल तर समजा पट्टी त्याच्यासाठी अजून लांब आहे, दोन-तीन कार्डांवर या.

मी आधी-मगने सुरू करून हळूहळू पट्टीकडे नेते. आणि एक कळकळीने सांगते, ‘मग’चं चित्र धमकी म्हणून वापरू नका, काम अर्धवट राहिलं तर ते काम छोटं करा पण भोवरा काढून घेऊ नका, नाहीतर बोर्डवर जे दिसतं तसंच होतं हा त्याचा भरवसाच जातो.