केए-22 ची डिझेल गाडी, मेरठ साऊथचे पार्किंग आणि दिल्लीचा हिवाळा: पाच महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या खानापूर-बेळगाव भागात घराघरांतून कोणी ना कोणी फौजेत असते आणि त्यांच्या मागोमाग आईवडिलांचेही उत्तरेकडे जाणे-येणे होते. माझा मुलगा मेरठ छावणीत आहे. बदलीच्या वेळी त्याने आमची 2018 ची डिझेल गाडी सोबत नेली. ऑक्टोबर 2024 मध्ये आम्ही दोघे गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीनला उतरून त्याच्याकडे गेलो आणि मार्चपर्यंत राहिलो. पत्नीच्या तपासण्यांसाठी या काळात दिल्लीतील धौला कुआँ भागातील रुग्णालयात अनेकदा जावे लागले. तिकडे स्वतःची गाडी कुठवर न्यावी आणि कुठे सोडावी, याचा जो अनुभव आला तो आपल्याकडून तिकडे जाणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

पहिल्या दोन खेपांना आम्ही द्रुतगती मार्गाने थेट रुग्णालयापर्यंत गाडी नेली आणि काहीच अडचण आली नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर प्रदूषण वाढल्यामुळे, हवा बिघडेल तसे टप्प्याटप्प्याने निर्बंध आणणाऱ्या ग्रॅप या योजनेचा तिसरा टप्पा लागू झाला. या टप्प्यात बीएस-3 पेट्रोल आणि बीएस-4 डिझेल चारचाकी गाड्यांना दिल्लीत तसेच गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगर या जिल्ह्यांत चालवण्यास मनाई असते आणि ती मोडल्यास 20,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपली पाटी कर्नाटकची आहे म्हणून अडवतील अशी भीती मला होती. ती चुकीची निघाली. पाटी कुठली आहे याला या टप्प्यात महत्त्व नाही, इंजिन कुठल्या मानकाचे आहे याला आहे. शेजारच्या जवानाची आमच्याच वर्षीची पेट्रोल गाडी खुशाल दिल्लीला जात होती, आमची बीएस-4 डिझेल मात्र घरी उभी होती. पीयूसी प्रमाणपत्र चालू असले म्हणजे झाले, हा माझा दुसरा गैरसमज होता. पीयूसी असूनही बीएस-4 डिझेल ही बीएस-4 डिझेलच राहते. बीएस-6 हे मानक देशभर 1 एप्रिल 2020 पासून लागू झाले, त्यामुळे त्याआधीची डिझेल गाडी असेल तर आरसीवरचा उत्सर्जन मानकाचा रकाना आधी वाचावा.

इथे मुख्य प्रश्न आला तो गाडी उभी करण्याचा. मेरठकडून दिल्लीकडे नमो भारत ही जलद रेल्वे धावते आणि तिच्या स्थानकांवर पार्किंग आहे. नोव्हेंबरमध्ये माझा बेत असा होता की मोदीनगरपर्यंत गाडीने जावे, म्हणजे तिकीट थोडे कमी पडेल. निघायच्या आदल्या रात्री मुलाने विचारले, “बाबा, मोदीनगर कुठल्या जिल्ह्यात आहे?” मी नकाशा पाहिला. मोदीनगर, मुरादनगर, दुहाई, गुलधर ही सारी स्थानके गाझियाबाद जिल्ह्यात येतात, म्हणजे तिथले पार्किंग गाठण्यासाठीच बंदी मोडावी लागली असती. त्या हिवाळ्यात या मार्गावर बंदीच्या हद्दीबाहेर राहणारे एकच स्थानक चालू होते, ते म्हणजे मार्गाच्या टोकाचे मेरठ साऊथ. “शहराबाहेर गाडी लावा” हे सांगणे सोपे असते, पण शहर आणि बंदीची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळले.

नोव्हेंबर-डिसेंबरमधला प्रवास त्रासाचाच होता. त्या वेळी नमो भारत साहिबाबादपर्यंतच जात होती. आम्ही गाझियाबादला उतरून शहीद स्थळ स्थानकावरून दिल्ली मेट्रोची रेड लाइन धरायचो, वेलकमला पिंक लाइन घ्यायचो आणि मग दिल्लीला वळसा घालत दक्षिणेकडे जायचो. थंडीत गुडघेदुखी असलेल्या माणसाला दोन ठिकाणी जिने, लिफ्ट आणि गर्दी सोसवत नाही. पत्नी एकदा म्हणाली, “अहो, यापेक्षा बेळगाव ते पुणे बरे,” आणि मला ते नाकारता आले नाही.

5 जानेवारी 2025 रोजी साहिबाबाद ते न्यू अशोक नगर हा भाग सुरू झाला आणि चित्र बदलले. 16 जानेवारीची आमची खेप त्याचे चांगले उदाहरण आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी तिसरा आणि चौथा टप्पा एकदमच लागला होता. आम्ही सकाळी सव्वासातला घरून निघालो, मेरठ साऊथला गाडी लावली आणि साधारण पाऊण तासाच्या आत आनंद विहारला उतरलो. तेथील नमो भारतचे स्थानक जमिनीखाली आहे आणि मेट्रो वर आहे, त्यामुळे चढण आहे, पण लिफ्ट मोठ्या आहेत. वरून पिंक लाइन घेतली की निजामुद्दीन, लाजपत नगर, सरोजिनी नगर करत सोळाव्या स्थानकाला दुर्गाबाई देशमुख साऊथ कॅम्पस येते. मध्ये कुठेही बदलावे लागत नाही. तिथून रिक्षाने रुग्णालय गाठले. दहाची वेळ होती, आम्ही थोडे आधीच पोहोचलो. धुक्यात गाडी चालवून इतक्या निश्चित वेळेत पोहोचलो असतो असे मला वाटत नाही.

मेरठ साऊथ ते न्यू अशोक नगर असे तेव्हाचे पूर्ण अंतर साध्या डब्यात 150 रुपयांत व्हायचे, प्रीमियम डब्यात 225. आनंद विहारला आधीच उतरलो तर त्याहून कमी. दोघांचे जाणे-येणे आणि मेट्रो धरली तर डिझेलपेक्षा फार स्वस्त पडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. दिल्ली मेट्रोचे जुने स्मार्ट कार्ड नमो भारतमध्ये चालत नाही. राष्ट्रीय मोबिलिटी कार्ड दोन्हीकडे चालते, फक्त प्रत्येक माणसाला वेगळे लागते. रविवारी नमो भारतच्या गाड्या सकाळी आठला सुरू होतात, हे आम्ही एकदा स्थानकाच्या बंद दारासमोर कुडकुडत शिकलो.

बंदीच्या आदेशाचा अंदाज कसा घ्यावा, यासाठी एक सवय उपयोगी पडली. हवेच्या गुणवत्तेचा चोवीस तासांचा सरासरी आकडा रोज दुपारी चारला जाहीर होतो. मूळ योजनेत तिसरा टप्पा 401 ला लागतो, पण डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 350 च्या पुढे गेल्यास तिसरा आणि 400 च्या पुढे गेल्यास चौथा टप्पा लावण्यास सांगितले. त्यामुळे जानेवारीत हा टप्पा एकाच महिन्यात अनेकदा लागला आणि उठला. चारचा आकडा 320-330 च्या आसपास असला की मी दुसऱ्या दिवशी गाडी नेण्याचा विचारच सोडून देत असे, कारण सकाळी बंदी नसताना आत जाऊन संध्याकाळी बंदीत परत यायचे म्हणजे गाडी तिथेच अडकवून घेणे होय.

मार्चमध्ये आम्ही परतताना सामान आणि आम्ही मेरठ साऊथहून याच मार्गाने आनंद विहार आणि तिथून पिंक लाइनने निजामुद्दीनला पोहोचलो, गोवा एक्सप्रेससाठी. गाडी मुलाकडेच राहिली. मेरठही राजधानी क्षेत्रात येत असल्याने डिझेल गाडीच्या दहा वर्षांच्या मर्यादेचा विचार 2028 च्या आधी करावा लागेल असे तेव्हा दिसत होते, म्हणून ती तिकडेच विकायची की बेळगावला परत आणायची, हे आमचे अजून ठरलेले नाही.