रिकामी बोनमॅरो: अप्लास्टिक अ‍ॅनिमिया की एमडीएस?

गोव्यात पावसाळ्यात ताप आला आणि प्लेटलेट्स घसरल्या की घरातला प्रत्येक जण आधी डेंग्यू म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण डेंग्यूत प्लेटलेट्स आठ-दहा दिवसांत वर येऊ लागतात आणि हिमोग्लोबिन सहा-सातवर घसरत नाही. प्लाझ्मा गळून रक्त दाट झालं तर उलट ते चढलेलं दिसतं. महिना उलटला तरी हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स तिन्ही खालीच असतील, तर बिघाड रक्तात नव्हे, रक्त जिथे तयार होतं त्या बोनमॅरोत असण्याची शक्यता मोठी. बी-१२ची कमतरता, काही औषधं, यकृताचा आणि प्लीहेचा आजार हे सगळं बाजूला काढल्यावर मोठ्या माणसांत दोन नावं बऱ्याचदा समोर येतात: अप्लास्टिक अ‍ॅनिमिया आणि मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे एमडीएस.

पुस्तकात हा फरक सोपा आहे. अप्लास्टिक अ‍ॅनिमियात शरीराच्याच टी-पेशी मूळ पेशींवर हल्ला करतात, त्यामुळे मॅरो रिकामी होऊन तिथे चरबी उरते. एमडीएसमध्ये एका बिघडलेल्या मूळ पेशीचा वंश मॅरो व्यापतो. पेशी भरपूर बनतात, पण सदोष असल्यामुळे बाहेर पडण्याआधीच मरतात. म्हणजे एकीकडे शेतात पीकच नाही, दुसरीकडे पीक आहे पण दाणा भरत नाही. अडचण अशी की एमडीएसच्या साधारण दहा ते पंधरा टक्के रुग्णांत मॅरोसुद्धा रिकामीच असते. याला हायपोप्लास्टिक एमडीएस म्हणतात, आणि निर्णय चुकतो तो इथे.

एक नमुना घेऊ. माणूस काल्पनिक आहे, पण असे रिपोर्ट खरोखर येतात. सत्तरी तालुक्यातला ५४ वर्षांचा कुळागरवाला. हिमोग्लोबिन ६.८, न्यूट्रोफिल ६००, प्लेटलेट्स १८,०००, लाल पेशी आकाराने जरा मोठ्या. बी-१२ची इंजेक्शनं देऊन झाली, फरक नाही. मग मॅरो तपासणी झाली. सुईने ओढलेल्या नमुन्यात जवळजवळ फक्त रक्तच आलं, आणि हाडाचा तुकडा आठ मिलिमीटरचा. रिपोर्ट म्हणतो, ‘पेशी अत्यल्प, अप्लास्टिक अ‍ॅनिमियाशी सुसंगत’.

एवढ्यावर उपचार ठरवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. हाडाच्या पृष्ठभागालगतची मॅरो वयस्क माणसात तशीही विरळ असते. आखूड तुकडा बहुतेक याच भागातून येतो आणि निरोगी माणसालाही रिकामं ठरवू शकतो. दीड ते दोन सेंटिमीटरचा तुकडा मिळाला पाहिजे, आणि तो नाही मिळाला तर तपासणी पुन्हा करावी लागते. दुसऱ्यांदा कंबरेच्या हाडात सुई घालायची म्हटल्यावर घरचे वैतागतात. ते समजण्यासारखं आहे, पण इथे टाळाटाळ नको.

आपल्या कुळागरवाल्याचा दुसरा तुकडा दोन सेंटिमीटरचा निघाला. पेशी पंधरा टक्केच, म्हणजे मॅरो खरंच विरळ. पण प्लेटलेट्स बनवणाऱ्या मोठ्या पेशी, मेगाकॅरिओसाइट, जिथे दिसल्या तिथे खुरटलेल्या होत्या आणि त्यांचं केंद्रक एकाच गोळ्याचं. अप्लास्टिक अ‍ॅनिमियात या पेशी जवळजवळ दिसतच नाहीत. दिसल्या तर त्यांचं रूप सहसा नीट असतं. लाल पेशींच्या पूर्वजांतली थोडी वाकडीतिकडी रूपं मात्र दोन्ही आजारांत सापडतात, म्हणून केवळ त्यांच्यावरून एमडीएस म्हणू नये. दुसरी खूण सीडी-३४ या रंजकाची. त्याने मूळ पेशी रंगतात. अप्लास्टिकमध्ये त्या कमी झालेल्या असतात. या तुकड्यात त्या पाच टक्के होत्या आणि काही ठिकाणी झुबके करून बसलेल्या.

तिसरी खूण गुणसूत्रांची, आणि माझ्या मते सर्वांत वजनदार. कॅरिओटाइपसाठी, म्हणजे गुणसूत्रांची संख्या आणि रचना बघण्यासाठी, पेशी जिवंत हव्यात, म्हणून मॅरो हेपॅरिनच्या नळीत घ्यावी लागते. सीबीसीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत नाही. नमुना मुंबईला जाणार असेल तर तो गोठणार नाही आणि दोन दिवस रेंगाळणार नाही हे आधीच बघावं. पेशीच कमी असल्याने कल्चर फसणंही नवीन नाही. अशा वेळी फिश चाचणीने किमान पाचवं आणि सातवं गुणसूत्र तपासता येतं. या माणसाच्या पेशींत सातव्या गुणसूत्राची एक प्रत गायब होती. इतकी कमतरता आणि त्याबरोबर हा दोष, म्हणजे एमडीएस. आठव्या गुणसूत्राची जादा प्रत सापडली असती तर एवढ्या ठामपणे बोलता आलं नसतं, कारण ती अप्लास्टिक अ‍ॅनिमियातही दिसते.

उलट दिशेचा पुरावा म्हणजे पीएनएच क्लोन, म्हणजे एका जनुकदोषामुळे पृष्ठभागावरची काही प्रथिनं गमावलेल्या रक्तपेशींचा गट. रक्तावरच्या फ्लो सायटोमेट्रीत तो छोटा का होईना सापडला आणि गुणसूत्रं नीट असली, तर तराजू अप्लास्टिककडे झुकतो. जनुकांतल्या बदलांची यादी मात्र जपून वाचावी. काही बदल दोन्हीकडे सापडतात, त्यामुळे ‘म्युटेशन आहे म्हणजे एमडीएस’ हा हिशोब चालत नाही.

एवढा आटापिटा कशासाठी? रक्ताचे आकडे तेच असले तरी वाटा दोन आहेत. अप्लास्टिक अ‍ॅनिमिया ठरला असता तर ५४व्या वर्षी आधी टी-पेशींना आवरणारी एटीजी आणि सायक्लोस्पोरिन ही औषधं, आणि जोडीला मॅरोला चालना देणारं एल्ट्रोम्बोपॅग. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि तोवर धीर धरायचा असतो. चाळिशीच्या आत आणि भाऊ-बहिणीचं एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळत असेल तर थेट बोनमॅरो प्रत्यारोपण. सातव्या गुणसूत्राचा दोष असलेल्या एमडीएसमध्ये मात्र ते सहा महिने परवडत नाहीत, कारण हा वंश ल्युकेमियाकडे सरकण्याचा धोका मोठा. तिथे तब्येत साथ देत असेल तर प्रत्यारोपणाची तयारी लगेच, आणि दाता मिळेपर्यंत गरजेनुसार हा वंश दाबणारं अ‍ॅझासिटिडीन. हेच औषध अप्लास्टिकच्या रुग्णाला चुकून दिलं तर आधीच ओस पडलेली मॅरो आणखी दबते आणि जंतुसंसर्ग जिवावर बेततो.

काही रुग्णांत सगळं करूनही ठरत नाही: मॅरो रिकामी, रूपं जराशी वाकडी, ब्लास्ट म्हणजे अगदी अपक्व पेशी वाढलेल्या नाहीत, गुणसूत्रं नॉर्मल. तिथे मी अप्लास्टिकसारखा उपचार करण्याच्या बाजूने आहे, कारण अशा हायपोप्लास्टिक एमडीएसच्या काही रुग्णांनाही एटीजी लागू पडतं. वय कमी असेल तर त्याआधी फँकोनी या जन्मजात मॅरो-आजाराची चाचणी हवी. अशा आजारात एटीजीचा उपयोग नसतो आणि प्रत्यारोपणाआधीच्या औषधांचे डोसही बदलतात.

निदान लटकलेलं असतानाही दोन कामं पहिल्या आठवड्यातच व्हावीत. एक, सख्ख्या भावंडांचं एचएलए तपासायला पाठवणं. ते दोन्ही आजारांत लागू शकतं. दुसरं, रक्ताबद्दल. बांबोळीला गोमेकॉत माणूस दाखल झाला की भाऊ, पुतणे रक्त द्यायला रांग लावतात. पण प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर घरच्यांचं रक्त त्याला चढवू नये, नाहीतर शरीर त्यांच्या पेशींविरुद्ध आधीच तयार होतं आणि पुढे प्रत्यारोपण फेटाळण्याचा धोका वाढतो. त्यांनी रक्तपेढीत इतरांसाठी द्यावं, आणि रुग्णासाठी पांढऱ्या पेशी गाळलेलं, किरणोत्सार देऊन इरॅडिएट केलेलं रक्त मिळतं का ते विचारावं.

एटीजीने बरे झालेल्यांनाही सहा महिन्यांनी आणि वर्षाने मॅरो व गुणसूत्रं पुन्हा दाखवावी लागतात. काही जणांत पुढच्या वर्षांत एमडीएस उगवतं, आणि आकडे परत घसरले की आधी तेच शोधायचं असतं.