नाचणीचं बियाणं: घरचं ठेवावं की दरवर्षी पुडी आणावी?

नवरात्रात देवळापुढे जमलो होतो तेव्हा मी या विषयावर बोललो. आवाज मागच्या मंडळींपर्यंत नीट पोचला नाही, आणि बायका आरतीच्या तयारीत होत्या. खरं तर बियाण्याची निवड बहुतेक घरांत त्याच करतात. म्हणून तेच बोलणं आता सावकाश लिहून काढतोय. मुरबाडच्या या डोंगरपट्ट्यात ज्यांची नाचणी आता पिकत आलीय, त्यांना याच आठवड्यात ठरवायचं आहे. पुडीचा विचार जूनपर्यंत पुढे ढकलता येतो. घरचं बियाणं ठेवायचं असेल तर कणसं शेतात उभी असतानाच ते ठरवावं लागतं. एकदा सगळं पीक खळ्यावर एकत्र पडलं की त्यातून बियाणं निवडायला काही उरत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवतो. घाटावर आमचे पाहुणे बाजरी करतात आणि दरवर्षी पुडी घेतात, म्हणून आपणही घ्यावी, असं मला कितीदा ऐकवलं गेलं. त्यांचं बरोबर आहे. त्यांची बाजरी संकरित आहे. तिचा दाणा पुन्हा पेरला तर पुढच्या पिकात एक ताट उंच, एक बुटकं, एक लवकर निसवलेलं, एक उशिरा असं होतं आणि उत्पन्न घटतं. शिवाय बाजरीत शेजारच्या शेतातला परागही सहज येतो. नाचणीचं तसं नाही. तिचं फूल इतकं बारीक असतं की त्याचा पराग बहुतेक त्याच फुलात पडतो. त्यामुळे आईसारखीच लेक निघते. दुकानात मिळणारी नाचणीची पुडी संकरित नसते, तो सुधारित वाण असतो. दापोली-1 असो की फुले नाचणी, पहिल्या वर्षी विकत घेतलेलं बियाणं नीट निवडून ठेवलं तर पुढची काही वर्षं तेच चालतं. म्हणजे पुडी मुळात वाईट नाही. दरवर्षी नवी घेण्याची गरज काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

पैशाचा हिशेब मी मुद्दाम मोठा करत नाही. रोप करून लावणी केली तर एकराला दोनेक किलो बियाणं पुरतं. त्याची किंमत खताच्या एका गोणीपुढे फार नाही, आणि कधीकधी मिनीकिट फुकटही मिळतं. तेवढ्यासाठी कोणी घरी कणसं निवडत बसावं असं मी म्हणणार नाही. माझा निर्णय झाला तो वेगळ्याच गोष्टीमुळे.

चार वर्षांपूर्वी घरचं बियाणं मी ठेवलंच नव्हतं. राब भाजून तयार होता, मृगाचे ढग यायला लागले होते, आणि मी पुडीसाठी मुरबाडला गेलो. माल आला नाही, सोमवारी या म्हणाले. सोमवारी गेलो तर भाताचं सगळं होतं, नाचणी नव्हती. तिसऱ्या खेपेला मिळाली, पण आधीच्या वर्षी लावलेला वाण नव्हता, दुसराच होता. गरवा की हळवा, हे विचारलं तर दुकानातल्या पोराला सांगता आलं नाही. पिशवीवरच्या चिठ्ठीवर उगवण, शुद्धता, तपासणीची तारीख सगळं होतं, पण किती दिवसांत पिकतो ते नव्हतं. तोवर पाऊस लागला होता. धुळीत पडायला हवं होतं ते बी चिखलात पडलं, तेही बारा दिवस उशिरा.

पुढचं तुमच्यापैकी अनेकांनी बांधावरून पाहिलंय. माझं शेत वरकस आहे. उताराचं, वीतभर मातीचं, खाली कातळ. पाऊस थांबला की आठ दिवसांत ओल संपते. तो वाण गरवा निघाला. दसऱ्याला शेजारची नाचणी कापून झाली, तेव्हा माझी नुकती दाणा भरत होती. मग परतीचा पाऊस गेला आणि जमीन तडकली. कणसं वरून दिसायला चांगली होती, पण हातावर चोळून फुंकर मारली की निम्मं उडून जायचं. पोचट. तीस गुंठ्यांत नेहमी जेवढी होते त्याच्या निम्मीसुद्धा घरात आली नाही. पुडीत खोट नव्हती. तीच पुडी खाली नदीकाठच्या खोल जमिनीत लावणाऱ्याला छान पिकली. माझ्या जमिनीला ती चालणारी नव्हती, आणि हे कळायला मला चार महिने लागले.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी असते: जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या हातात असलेलं, किती दिवसांत पिकतं हे मला ठाऊक असलेलं बियाणं. पुडीत मला ते मिळालं नाही. कदाचित तुम्हाला मिळत असेल. तुमचं दुकान वेळेवर देत असेल, जमीन खोल असेल, खत घालत असाल, तर सुधारित वाण आपल्या जुन्या हळव्या नाचणीपेक्षा जास्त देईल, हे मी मान्य करतो. आपली जुनी नाचणी भारी खत दिलं की उंच वाढून लोळते, हेही खरं.

दुसऱ्या वर्षी मावशीकडून एक पायली हळवी नाचणी सवाईने आणली आणि तिथून पुन्हा सुरुवात केली. मी ठेवतो कशी, ते सांगतो, कारण घरच्या बियाण्याची निम्मी बदनामी ते चुकीचं ठेवल्यामुळे झाली आहे. लोक खळ्यावरच्या ढिगातून शेवटची दोन पायली बाजूला काढतात आणि त्याला बियाणं म्हणतात. त्यात पोचट, उशिराचं, रोगट, सगळंच येतं. चार वर्षांत पीक खालावतं, आणि मग देशी बियाणं दमलं असं म्हणतात.

कणसं उभ्या शेतात निवडायची. बांधाकडच्या दोन-तीन ओळी सोडायच्या, शेणखताचा ढीग होता ती जागाही सोडायची. तिथलं कणीस मोठं दिसतं ते जागेमुळे, बियाण्याच्या गुणामुळे नव्हे. शेताच्या मधोमध चालायचं आणि सर्वांबरोबर वेळेवर पिकलेल्या झाडाचं मधलं, मुख्य ताटाचं कणीस घ्यायचं. फुटव्यांची कणसं उशिरा पिकतात, ती घेतली की बियाण्यात कच्चा दाणा येतो. कणसाच्या खालची मान काळपट पडली असेल किंवा एखादं बोट मधूनच वाळलं असेल तर तो करपा आहे. ते कणीस कितीही भरलेलं असलं तरी नको, कारण करपा बियाण्यातूनही पुढे जातो. मी आणखी एक बघतो. मुठीसारखं घट्ट मिटलेलं कणीस दिसायला देखणं असतं, पण परतीच्या पावसात आत पाणी धरतं. बोटं थोडी उघडी असलेलं कणीस लवकर वाळतं. माझ्या उतारावर मला हे दुसरंच बरं वाटतं.

किती कणसं? तीस गुंठ्यांना मला दीड किलो लागतं. पण राब टाकल्यावर पाऊस दडी मारतो आणि रोप करपतं, असं एखाद्या वर्षी होतंच, म्हणून मी दुप्पट ठेवतो, तीन किलो. आमच्याकडच्या एका कणसात चारएक ग्रॅम दाणा धरला तर साडेसातशे कणसं होतात. आकडा मोठा वाटतो, पण माझी बायको आणि मी मिळून एका सकाळीत दोन टोपल्या भरतो.

ही कणसं खळ्यावर न्यायचीच नाहीत, भेसळ तिथेच होते. अंगणात वेगळी वाळवायची, तीन-चार उन्हं द्यायची, पण दुपारी तापलेल्या पत्र्यावर टाकायची नाहीत. दाणा दाताखाली कट्कन फुटला की पुरे वाळला. मग काठीने हलकं झोडपायचं, सुपाने पाखडायचं, आणि राखेत मिसळून मडक्यात किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. नाचणीचा दाणा इतका बारीक की किडा त्याच्या वाटेला फारसा जात नाही. खरी भीती ओलीची. पेरणीचं बियाणं जूनमध्ये बाहेर पडतं, त्याला पावसाळा काढावाच लागत नाही. पण जास्तीचं ठेवलेलं, पुढच्या वर्षासाठी राखलेलं, ते जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडं राहिलं की मरतं. म्हणून उरलेल्याला गणपतीनंतर उघडीप मिळाली की एक ऊन द्यायचं.

मेच्या अखेरीस ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून गुंडाळायचे, गोणपाट आठवडाभर ओलं ठेवायचं आणि कोंब मोजायचे. प्रमाणित पुडीला किमान 75 उगवणीची अट असते. यंदा मी घरच्याचे आणि एका पुडीचे दाणे शेजारी शेजारी ठेवले होते. घरच्याचे 91 उगवले, पुडीचे 84. एका घरातली एक मोजणी आहे, तिच्यावरून कोणी मोठा निष्कर्ष काढू नये. पण घरचं बियाणं उगवत नाही, असं आता मला कोणी सांगू नये. 75 च्या खाली गेलं तर मीच ते दळायला टाकीन आणि दुसरीकडून आणीन.

त्या दिवशी एकाने विचारलं, असं बियाणं ठेवलं, दुसऱ्याला दिलं तर कायद्याची अडचण नाही ना? नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं ठेवायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, विकायचाही हक्क दिलाय. संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडच्या नावाने पिशवीत भरून विकता येत नाही, एवढंच. डोंगराच्या पलीकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातच देशी बियाण्यांची बँक उभी केली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

ज्यांना सुधारित वाणच हवा आहे, त्यांनीही एकदा पुडी आणावी, निळी चिठ्ठी आणि तपासणीची तारीख बघावी, किती दिवसांचा वाण आहे ते कृषी सहायकाला विचारून घ्यावं, आणि पहिल्या वर्षी पाच-सहा गुंठ्यांतच लावावा. जमिनीला मानवला तर त्यातूनच वरच्या पद्धतीने कणसं निवडावीत. भेसळ वाढली, दाण्याचा रंग मिसळला असं दिसलं की चार-पाच वर्षांनी पुन्हा एकदा नवी पुडी घ्यावी. उरलेल्या शेतात मात्र आपली हळवी असू द्यावी. वरकसात तरी मी दुसरं काही लावणार नाही.

माझ्या शेतातली कणसं या रविवारी निवडायची आहेत. ज्यांच्याकडे हळवी उरलेली नाही त्यांनी सकाळी टोपली घेऊन या, निवडतानाच बघून घ्या. पायली न्या, पुढच्या दिवाळीला सव्वा पायली परत द्या, आणि ती ढिगातली नको, निवडलेल्या कणसांचीच द्या.