इंग्लंडमधील भाडेकरार, न परत आलेले डिपॉझिट आणि गप्प बसलेला घरमालक

सांगली, मिरज आणि आसपासच्या गावांतून दरवर्षी अनेक मुले-मुली उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जातात. विद्यापीठ, व्हिसा आणि शैक्षणिक कर्ज यांची माहिती ते महिनोन्‌महिने गोळा करतात, भाडेकराराकडे मात्र निघण्याच्या आधीच्या आठवड्यातच लक्ष जाते. 2022 ते 2023 या वर्षात लेस्टरमध्ये आम्हा चौघांची जी फसवणूक झाली, ती त्या करारातील तीन कलमांच्या आधारे झाली. तीच कलमे इतरांच्या करारांतही दिसत असल्याने हा अनुभव तपशिलात लिहीत आहे.

विश्रामबागेतील आमच्या घराचा वरचा मजला भाड्याने दिलेला असतो. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार होतो, डिपॉझिट वडिलांच्या खात्यात राहते आणि भाडेकरूने घर सोडताना किल्ल्या दिल्या की काय ते वजा करून उरलेले पैसे परत केले जातात. आपल्याकडे ही रक्कम मालकाकडेच असते आणि सगळा व्यवहार त्याच्या शब्दावर चालतो. इंग्लंडमध्ये कायदा वेगळा आहे. 2004 च्या हाउसिंग ॲक्टनुसार खाजगी घर भाड्याने देणाऱ्या मालकाने डिपॉझिट मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत ते सरकारमान्य योजनेत संरक्षित करावे लागते. डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम या त्या तीन योजना. पैसे कोणत्या योजनेत आहेत आणि वाद झाल्यास काय करायचे, हेही त्याच मुदतीत भाडेकरूला लेखी कळवावे लागते.

आमच्या करारातील त्या तीनपैकी पहिल्या कलमात मात्र असे लिहिले होते की, डिपॉझिट “व्यवस्थापकाच्या ग्राहक खात्यात सुरक्षितपणे ठेवले जाईल.” हे वाक्य वाचून कोणालाही पैसे सुरक्षित असल्याचेच वाटेल, कारण त्यात “सुरक्षित” हा शब्द आहे, बँक खात्याचा उल्लेख आहे आणि खाली शिक्काही आहे. परंतु ग्राहक खाते म्हणजे मालकाच्या वतीने घर पाहणाऱ्या व्यवस्थापकाचे, म्हणजेच एजंटाचे, इतरांचे पैसे ठेवण्याचे खाते, तीन योजनांपैकी एकीचेही नाव त्यात नाही. करारात योजनेचे नाव नसेल आणि तीस दिवसांत प्रमाणपत्रही आले नाही, तर गडबड असल्याचे समजून लगेच चौकशी करावी. तिन्ही योजनांच्या संकेतस्थळांवर पोस्टकोड, आडनाव, भाड्याची सुरुवातीची तारीख असा तपशील भरून आपले डिपॉझिट नोंदले आहे की नाही हे भाडेकरूला पाहता येते. त्यासाठी एजंटाला विचारत बसण्याची गरज नाही.

रक्कमही कायद्यापेक्षा जास्त घेतली होती. 2019 च्या टेनंट फीज ॲक्टनुसार, वर्षाचे भाडे 50,000 पौंडांपेक्षा कमी असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. आमचे घर चौघांत मिळून महिना 1,600 पौंडांचे होते. वर्षाचे 19,200 पौंड, 52 आठवड्यांनी भागले की आठवड्याला सुमारे 369 पौंड आणि पाच आठवड्यांचे सुमारे 1,846 पौंड होतात. आमच्याकडून प्रत्येकी 500 प्रमाणे 2,000 पौंड घेतले गेले, म्हणजे दीडशेहून अधिक पौंड जास्तीचे. हा हिशेब दोन मिनिटांचा असून सही करण्याआधी तो अवश्य करावा, कारण मर्यादेपेक्षा जास्त डिपॉझिट मागणारा माणूस बाकीचे नियमही पाळणार नाही हे त्याच वेळी लक्षात येते.

दुसरे कलम मुदतीचे होते. आमचा करार बारा महिन्यांचा आणि चौघांनी मिळून सही केलेला होता. एका सोबत्याला फेब्रुवारीत दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि त्याने महिनाभराची नोटीस देऊन घर सोडायचे ठरवले. व्यवस्थापकाने त्याला तोंडी “चालेल” असे सांगितले आणि नंतर त्याचा 400 पौंडांचा हिस्सा उरलेल्या तिघांकडून मागितला. करारात चौघांची जबाबदारी “संयुक्त आणि स्वतंत्र” असल्याचे लिहिलेले होते. याचा अर्थ असा की, घराचे भाडे हे चौघांचे एकच देणे असते आणि एकाने हिस्सा भरला नाही तर मालक ती संपूर्ण रक्कम बाकी कोणाकडूनही मागू शकतो. मुदतीच्या आत करार संपवण्याची मुभा देणारे कलम नसल्यामुळे सोबत्याच्या नोटिशीला अर्थ नव्हता आणि तोंडी होकाराला पुरावा नव्हता. त्याचा हिस्सा पुढे कोणी भरायचा यावर आमच्या चौघांतच वितुष्ट आले. त्या व्यवस्थापकाच्या शब्दाने झालेले सर्वांत मोठे नुकसान मी तेच मानतो.

आता या बाबतीत कायदा बदलला आहे. रेंटर्स राइट्स ॲक्ट, 2025 नुसार 1 मे 2026 पासून इंग्लंडमधील खाजगी भाडेकरारांना ठरावीक मुदत नसते आणि भाडेकरू दोन महिन्यांची लेखी नोटीस देऊन घर सोडू शकतो. तरीही संयुक्त करारात एकाने नोटीस दिली तर सगळ्यांचाच करार संपू शकतो, त्यामुळे सोबती निघण्याच्या बेतात असेल तर उरलेल्यांनी आधीच मालकाकडून नव्या कराराविषयी लेखी उत्तर घ्यावे. विद्यापीठाच्या वसतिगृहांना आणि मालक स्वतः राहतो त्या घरातील खोलीला हे नियम लागू होत नाहीत. अशा खोलीच्या डिपॉझिटला तीन योजनांचे संरक्षणही मिळत नाही, म्हणून मराठी ओळखीच्या कुटुंबाकडे “आपल्या माणसांतच आहात” म्हणून राहायला जाणाऱ्यांनी निदान रक्कम आणि परतीची अट कागदावर घ्यावी.

तिसरे कलम बिलांचे. जाहिरातीत “सर्व बिले समाविष्ट” असे होते आणि करारात “वाजवी वापरापर्यंत” ही पुस्ती जोडलेली होती. वाजवी म्हणजे गॅस आणि वीज मिळून घराला महिन्याला 100 पौंड, हे शेवटच्या पानावरच्या परिशिष्टात होते. डिसेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या तीन महिन्यांसाठी व्यवस्थापकाने 640 पौंडांचे बिल सांगून 340 पौंड जादा मागितले. मूळ बिल दाखवा म्हटल्यावर त्याने व्हॉट्सॲपवर स्वतः टाइप केलेला तक्ता पाठवला. त्याच हिवाळ्यात सरकारने प्रत्येक घराच्या वीजखात्यावर ऑक्टोबर ते मार्च या काळात सहा हप्त्यांत एकूण 400 पौंडांची सवलत दिलेली होती आणि खाते मालकाच्या नावावर असल्याने ती त्यालाच मिळत होती. बिले भाड्यात धरलेल्या मालकांनी ही सवलत भाडेकरूंपर्यंत वाजवी रीतीने पोहोचवावी, असा नियमही तेव्हा लागू होता. त्या तीन महिन्यांचे 67 पौंडांप्रमाणे 201 पौंड व्यवस्थापकाच्या तक्त्यात कुठेही दिसत नव्हते. मालक वीज किंवा गॅस पुढे विकत असेल तर स्वतः भरलेल्या दरापेक्षा जास्त दर लावू शकत नाही, म्हणून मूळ बिलाची प्रत मागणे हा भाडेकरूचा रास्त आग्रह आहे. घर ताब्यात घेताना आणि सोडताना मीटरवरील आकड्यांचा फोटो तारखेसह काढून ठेवला, तर असा तक्ता पडताळता येतो.

ऑगस्ट 2023 अखेर आम्ही घर रिकामे केले, प्रत्येक खोलीचे, ओट्याचे, ओव्हनचे आणि मोरीखालच्या कपाटाचे फोटो काढून व्यवस्थापकाला ईमेल केले आणि डिपॉझिट मागितले. त्यानंतर त्याच्याकडून काहीच उत्तर आले नाही. फोन बंद, व्हॉट्सॲपवर एकच खूण आणि ईमेल निरुत्तर. करारात मालकाचे केवळ पहिले नाव आणि व्यवसायाचे नाव होते, पत्ता नव्हता. इंग्लंडमध्ये नोटीस पाठवता येईल असा इंग्लंड किंवा वेल्समधील पत्ता मालकाने भाडेकरूला द्यावाच लागतो. तो दिलेला नसेल तर 1985 च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या पहिल्या कलमानुसार भाडे घेणाऱ्याकडे किंवा एजंटाकडे लेखी मागणी करता येते. त्याने 21 दिवसांत मालकाचे नाव व पत्ता कळवला नाही, तर तो गुन्हा ठरतो. आमच्या मागणीलाही उत्तर आले नाही, तेव्हा लँड रजिस्ट्रीकडे अल्प शुल्क भरून त्या घराचा मालकी उतारा काढला आणि त्यावर मालकाचे पूर्ण नाव व पत्ता मिळाला. हा उतारा कोणालाही काढता येतो.

तिन्ही योजनांत शोध घेतला असता डिपॉझिट कोठेही नोंदलेले नव्हते. हे समजल्यावर आमची बाजू भक्कम झाली, कारण योजनेत पैसे न ठेवल्यास न्यायालय भाडेकरूला डिपॉझिटच्या एक ते तीन पटींपर्यंत दंड मिळवून देते आणि मालकाने उशिराने डिपॉझिट परत केले म्हणून तो दंड टळत नाही. आम्ही मालकाच्या पत्त्यावर दावा दाखल करण्यापूर्वीचे पत्र पाठवले, त्यात कराराची तारीख, भरलेल्या रकमेच्या बँक नोंदी, योजनांच्या शोधाचा निकाल आणि चौदा दिवसांची मुदत असे चार मुद्दे मांडले. मुदत संपल्यावरही मालक गप्प राहिला, म्हणून दावा दाखल केला. संयुक्त करार असल्यामुळे चौघांनी मिळून तो करावा लागला, म्हणून निघून गेलेल्या सोबत्याचीही सही मिळवली. सुनावणीच्या आधी मालकाचा पहिला निरोप आला. त्याने 340 पौंडांच्या वीजबिलाची वजावट मागितली, आम्ही मूळ बिले मागितली, ती आली नाहीत. शेवटी डिपॉझिटचे 2,000 आणि तितकाच दंड अशा 4,000 पौंडांवर तडजोड झाली, म्हणजे प्रत्येकाला 1,000 मिळाले. सुनावणीपर्यंत गेलो असतो तर कदाचित अधिकही मिळाले असते, पण आमच्यापैकी तिघांचे भारतात परतणे झाले होते.

या परतण्याबाबत एक अडचण आधीच जाणून घ्यावी. दावा करणाऱ्याला पत्रव्यवहारासाठी ब्रिटनमधील पत्ता द्यावा लागतो आणि सांगलीचा पत्ता चालत नाही. आमचा एक सोबती लेस्टरमध्येच राहिला होता, म्हणून त्याच्या पत्त्यावर दावा चालू शकला. तुमच्यापैकी कोणीच तिथे राहणार नसेल तर विमान पकडण्याआधी विश्वासू मित्राचा पत्ता ठरवावा, योजनांच्या शोधाचे स्क्रीनशॉट काढावेत आणि करार, बँक नोंदी, फोटो व पत्रे एकाच फोल्डरमध्ये ठेवावीत. असा दावा करण्यासाठी सहा वर्षांची मुदत असते, त्यामुळे गेल्या काही वर्षांत परत आलेल्या आणि डिपॉझिट बुडाले असे समजून सोडून दिलेल्या मुलांनाही आपले प्रकरण अजून तपासता येईल.