एक लाख द्यायचेत, पण कुठे? झकात, त्सेदाका, दान आणि लंगर, चौघांचे प्रश्न वेगळे

समजा तुम्ही एक लाख रुपये बाजूला काढलेत, द्यायचं नक्की ठरलंय, आणि समोर तीन जागा आहेत. सख्ख्या भावाला हॉस्पिटलच्या बिलापायी कर्ज झालंय आणि रिक्षा विकायची वेळ आलीये, गावच्या शाळेला एक खोली हवीये, आणि तिसरं म्हणजे वारीतलं अन्नदान. अशा वेळी हमखास कोणीतरी म्हणतं की अरे सगळे धर्म एकच सांगतात, गरिबाला द्या, मग कुठेही दे. मला हे अजिबात पटत नाही, कारण एकेक परंपरा उघडून बघितली की ती आधी वेगळाच प्रश्न विचारते आणि तुमच्या या तीन जागांचा नंबर प्रत्येक ठिकाणी बदलतो.

झकात म्हणजे मुसलमानांवर बंधनकारक असलेलं दान, तिथून सुरू करू कारण तिथे हिशोब सगळ्यात पक्का. झकात पगारातून नाही, साठलेल्या संपत्तीतून निघते. ती संपत्ती एका किमान मर्यादेच्या वर हवी (आपल्याकडे बरेच जण साधारण 612 ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी धरतात) आणि चांद्र वर्षभर हातात राहिलेली हवी, मग तिच्यावर अडीच टक्के. म्हणजे सहा लाख शिल्लक आहे, त्यातून लगेच फेडायचं दोन लाखांचं देणं वजा केलं, उरले चार लाख, झकात झाली दहा हजार. आता हे दहा हजार कुणाला द्यायचे हे तुमच्या मर्जीवर नाही, कुराणात (9:60) आठ प्रकारचे लोक सांगितलेत आणि कर्जात बुडालेला माणूस त्यात आहे. त्यामुळे भाऊ गरजू असेल तर चालतो, उलट नातेवाईक म्हणून जास्त पुण्य मानतात, पण आईवडील, मुलं आणि बायको यांना झकात देता येत नाही, त्यांना पोसणं ही तुमची जबाबदारी आहेच. आणि शाळेची खोली? हनफी या मुस्लिम धर्मकायद्याच्या शाखेप्रमाणे नाही, कारण झकात एखाद्या हकदार माणसाच्या मालकीची व्हायला लागते आणि भिंत कुणाच्या मालकीची होणार. खोलीसाठी वेगळा ऐच्छिक सदका द्या, कोणी अडवत नाही. इथे मुळात देणाऱ्याचं मोठेपण हा विषयच नाही, त्या पैशात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क आहे असं कुराणच म्हणतं (70:24-25), म्हणजे तुम्ही त्यांचं त्यांना परत देताय.

ज्यू परंपरेतही त्सेदाका म्हणजे दान हे कर्तव्यच, मर्जीची गोष्ट नाही, पण तिथे नजर घेणाऱ्याच्या मानावर जास्त आहे. 12व्या शतकात मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने देण्याच्या आठ पायऱ्या लावल्या, सगळ्यात खाली कुरकुरत देणारा, त्याच्यावर कमी पण हसून देणारा, मग मागितल्यावर पुरेसं देणारा, मग मागायच्या आधी देणारा, असं चढत चढत देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचं नावच माहीत नाही ती दुसरी पायरी. आणि पहिली कुठली, तर माणूस मागायच्या अवस्थेला पोचायच्या आधीच त्याला कर्ज देणं, धंद्यात भागीदार करणं किंवा काम देणं. म्हणजे भावाची रिक्षा विकली जायच्या आत हात पुढे केलात तर ती सगळ्यात वरची पायरी, आणि रिक्षा गेल्यावर महिन्याला किराणा भरलात तर बऱ्याच खालची, पैसे कदाचित जास्तच गेले तरी. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात हिल्लेल नावाच्या गुरूची गोष्ट आहे, चांगल्या घरातला माणूस गरीब झाला तर हिल्लेलने त्याच्यासाठी घोडा आणि पुढे धावायला नोकर दिला, आणि एक दिवस नोकर मिळेना तर स्वतः तीन मैल पुढे धावला. आपल्याला हे हास्यास्पद वाटतं, घोडा कशाला, पण तिथला प्रश्न वेगळा आहे, या माणसाचं नेमकं काय गेलंय, सरासरी गरिबाचं नाही. आणि गंमत म्हणजे त्सेदाकावर जगणाऱ्यालाही त्यातून थोडं द्यावंच लागतं.

गीतेच्या 17व्या अध्यायात (श्लोक 20 ते 22) मोजमाप वेगळंच आहे. तिथे रकमेचा आकडा नाही, देणाऱ्याचं मन आणि देश, काळ, पात्र ही तीन अंगं आहेत. परतफेड न करणाऱ्याला, द्यायलाच हवं म्हणून दिलं ते सात्त्विक, फळाची किंवा परतफेडीची अपेक्षा ठेवून किंवा जिवावर येऊन दिलं ते राजस, आणि चुकीच्या जागी, तुच्छतेने फेकलं ते तामस. आता खोलीवर कै. तीर्थरूपांच्या नावाची भली मोठी पाटी लावायची अट घातली तर गाडी राजसकडे वळते, हे आपल्याकडच्या देणगीदारांना कोण सांगणार! पण खरा फरक पुढे आहे, धर्मशास्त्रात दानाला पात्र म्हणजे गरीब असं समीकरणच नाही, बऱ्याचदा पात्र म्हणजे विद्वान, आचारशुद्ध ब्राह्मण, आणि दीनअनाथांना दिलेलं ते दयेच्या खात्यात. विहीर, तलाव, धर्मशाळा यांचं पूर्त हे आणखी वेगळं खातं आणि शाळेची खोली तिथे झकास बसते. अन्नाच्या बाबतीत मात्र पात्रतेची अट सैल होते, भुकेला तोच पात्र, म्हणून वारीत कोणी आधार कार्ड विचारत नाही.

पात्रता तपासायची की नाही यावर तर भांडणच लागतं. मायमोनिडीस म्हणतो की अनोळखी माणसाने भूक लागली म्हटलं तर चौकशी नाही, लगेच खायला द्या, पण कपडे मागितले तर तपासा, आणि ओळखीचा असेल तर तेही नको. नांदेडच्या हजूर साहिबला लंगरमध्ये बसलात तर चौकशीचा प्रश्नच येत नाही, कारण तिथे गरीब अशी रांगच नाही, कारखानदार आणि हमाल एकाच पंगतीत. तुमच्याकडून दसवंध म्हणजे कमाईचा दहावा भाग अपेक्षित आहे, पण ती कमाई कष्टाची हवी, भिक्षेवर जगण्याला तिथे मान नाही.

आणि बौद्ध परंपरेत भिक्खू भिक्षेवरच जगतो, संघ हे पुण्याचं क्षेत्र मानलंय, म्हणजे स्वतःकडे काही न बाळगणारा घेणारा तुमच्यावर उपकार करतो. पण त्याच त्रिपिटकात गृहस्थाच्या गरिबीला सरळ दुःख म्हटलंय आणि तिचं कौतुक नाही. कूटदंत सुत्तात राजाला सल्ला काय आहे तर चोरांना फाशी देऊ नका, शेतकऱ्याला बियाणं द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला पगार द्या. इथे प्रश्न तुमच्या एक लाखाचा उरतच नाही, सरकारच्या बजेटचा होतो. आंबेडकरी घरात वाढलेल्याला दानापेक्षा हा भाग जवळचा वाटला तर मला नवल वाटत नाही.

मग द्यायचं तरी किती? झकात अडीच टक्क्यांवर थांबते, शीख दहाव्या भागावर, रब्बींनी म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी तर उलटी मर्यादा घातली की पाचव्या भागापेक्षा जास्त देऊ नका, नाहीतर उद्या तुम्हीच मागायला याल. आणि ख्रिस्ती संत असिसीचा फ्रान्सिस (मृत्यू 1226) सगळंच सोडून मोकळा झाला, त्याच्या मागे त्याच्याच पंथात यावरून इतकी भांडणं झाली की ख्रिस्त आणि त्याचे शिष्य यांची कसलीच मालमत्ता नव्हती हे म्हणणंच 1323 मध्ये पोप जॉन बाविसाव्याने पाखंड ठरवलं. रब्बींना फ्रान्सिस बेजबाबदार वाटला असता आणि फ्रान्सिसला रब्बी हिशोबी. तुमच्या डोक्यावर होम लोन असेल तर रब्बींचं ऐका, आणि माझं विचाराल तर भावाची रिक्षा आधी सोडवा, खोलीच्या वर्गणीची पावती पुढच्या वर्षी फाडली तरी चालते.