उसाच्या ट्रॉलीसाठी जॅक: १० टनी की २० टनी?

गळीत हंगामाच्या तोंडावर आष्टा-इस्लामपूर पट्ट्यात ट्रॅक्टरवाल्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास निघतो. फडातून कारखान्याकडे निघालेली ट्रॉली पंक्चर झाली, तर सोबत १० टनी बॉटल जॅक असावा की २० टनी? बहुतेकांचं मत "मोठाच घ्या, ताकद जास्त" असं असतं. मला ते अर्धंच पटतं.

हिशोब सोपा राहावा म्हणून दोन्ही जॅकचा छोटा दट्ट्या, म्हणजे दांड्याने हलणारा, १ सेंटिमीटर व्यासाचा धरू. वर येणारा मोठा दट्ट्या एकात ४ सेंटिमीटरचा, दुसऱ्यात ६ सेंटिमीटरचा. बंद तेलात दाब सगळीकडे सारखा पसरतो, त्यामुळे क्षेत्रफळ जितक्या पट मोठं तितक्या पट जोर वाढतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून पहिल्या जॅकमध्ये जोर १६ पट होतो आणि दुसऱ्यात ३६ पट. शिवाय दांड्याची तरफ असतेच. ती दोन्हीकडे २० पट धरू.

आता भरलेली ट्रॉली १२ टनांची आहे आणि एका चाकावर ३ टन येतात. १० टनी जॅकवर हाताने साधारण साडेनऊ किलोचा जोर लावावा लागेल, २० टनीवर जेमतेम सव्वाचार किलोचा. इथपर्यंत मोठ्याचीच बाजू भक्कम.

पण दांडा एकदा खाली दाबला की छोटा दट्ट्या समजा २ सेंटिमीटर सरकतो आणि तेवढंच तेल मोठ्याखाली जातं. रुंद दट्ट्याखाली ते जास्त पसरतं, म्हणून उंची कमी मिळते. १० टनीमध्ये एका दाबात ट्रॉली सव्वा मिलिमीटर उचलते, २० टनीमध्ये अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. चाक काढायला १५ सेंटिमीटर उचल हवी असेल, तर एकात दांडा १२० वेळा हापसायचा आणि दुसऱ्यात २७० वेळा.

प्रत्येक दाबात हात ४० सेंटिमीटर फिरतो. जोर, अंतर आणि दाबांची संख्या गुणून पाहा: दोन्हीकडे किलो गुणिले मीटर या मापात ४५० येतात. ट्रॉलीच्या बाजूनेही ३००० किलो गुणिले ०.१५ मीटर म्हणजे ४५०च. साखरेचं ५० किलोचं पोतं ९ मीटर उंच चढवण्याइतकं हे काम आहे. कुठलाही जॅक त्यातला एक किलोही माफ करत नाही, फक्त त्याचे लहान-मोठे हप्ते पाडून देतो. प्रत्यक्षात सीलचं घर्षण आणि घट्ट तेल यांच्यापायी हाताला थोडं जास्तच द्यावं लागतं.

दांड्याला लांब पाइप लावण्याचंही तसंच. हाताला हलकं लागतं, पण हात तेवढाच लांब फिरवावा लागतो. आणि क्षमतेपेक्षा जास्त वजनावर पाइप लावलात तर सील जाणार.

म्हणून फक्त आपल्या ट्रॉलीसाठी घेत असाल, तर माझा कौल १० टनीला. ३ टनांना तो भरपूर आहे. रात्री रस्त्याच्या कडेला साडेनऊ किलो कुणालाही जड नाहीत, पण २७० वेळा हापसणं कंटाळवाणं आहे. भरलेले ट्रक येणाऱ्या गॅरेजला मात्र २० टनीच हवा. त्याच वजनाला त्यातल्या तेलाचा दाब निम्म्याहून कमी राहतो, म्हणून सील जास्त टिकतात. कुठलाही घ्या, टायर बसल्यावर अ‍ॅक्सलखाली किती जागा उरते ते आधी मोजा. आणि भार येण्याआधी जॅकच्या डोक्यावरचा स्क्रू फिरवून अ‍ॅक्सलला भिडवा. ती उंची फुकट मिळते.

जॅक ठीक आहे का, हे दांडा किती वेळा दाबला ते मोजूनच कळतं. वरच्या मापाच्या १० टनी जॅकने भाराखाली २० दाबांत २५ मिलिमीटर उचल द्यायला हवी. दांडा स्पंजासारखा लागत असेल तर तेलात हवा आहे: भार नसताना सोडायची झडप उघडी ठेवून काही वेळा पूर्ण दांडा मारा, तेलाची पातळी बघा. दांडा कडक लागतो पण उचल कमी, किंवा हात थांबवला की ट्रॉली हळूहळू खाली बसते, तर तेल झडपेतून किंवा सीलमधून मागे जातंय.

कृष्णाकाठच्या ओल्या काळ्या मातीत तिसरंच घडतं. जॅकचा तळ १२ बाय १२ सेंटिमीटरचा असेल, तर ३ टन त्या १४४ चौरस सेंटिमीटरवर येतात, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २१ किलो. तळ रुततो, तुम्ही हापसत राहता, दट्ट्या वर येतो आणि ट्रॉली जागच्या जागी. तुमचं काम मातीत जातं. ३० बाय ६० सेंटिमीटरची जाड फळी खाली घातली की तोच दाब पावणेदोन किलोच्या आत येतो. ती फळी आणि अ‍ॅक्सलखाली लावायला लाकडी ठोकळे ट्रॉलीतच ठेवा, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नसतो.